आपली (किंचित विनोदी) विश्वासू

लोकलच्या गर्दीवरचा विनोद नसलेला नोकरीचा अर्ज मुंबईत मिळणं हल्ली कठीण झालं आहे. ‘दबावाखाली काम करण्याची सवय आहे, रोज विरारहून फास्ट पकडतो.’ ‘एकमेकांना सांभाळून घ्यायला मी कुठल्या कोर्समध्ये शिकले नाही, चौथ्या सीटवर शिकले.’ लिहिणाऱ्याला वाटतं, हे आपल्यालाच सुचलं. ज्याच्या टेबलावर असे अर्ज येतात त्याला तो विनोद वाक्य संपायच्या आधीच कळलेला असतो. पण शिळेपणा हा त्यातला लहान दोष. मोठा दोष वेगळा आहे आणि तो अर्ज करणाऱ्यांना सहसा कोणी सांगत नाही.

मुंबईत अर्ज वाचणारा माणूस शिक्षणाच्या आधी पत्ता बघतो. हे उघड कोणी कबूल करणार नाही, पण मुलाखतीतला पहिला प्रश्न ‘राहता कुठे?’ हाच असतो आणि तो गप्पा मारायला विचारलेला नसतो. जुलैत रुळांवर पाणी आलं की हा माणूस येणार का, रात्री आठला काम संपलं तर थांबणार का, सहा महिन्यांत घराजवळची नोकरी मिळाली की सोडून जाणार का, असा सगळा हिशेब त्या एका प्रश्नात असतो. मग ज्या मुद्द्यावर वाचणारा आधीच अडखळणार आहे, त्याच्यावर आपण पहिल्याच ओळीत बोट ठेवायचं आणि वर हसायचं! तो हसतही असेल. पण हसता हसता पत्त्याखाली पेन्सिलची रेघ मारतो.

मी बरीच वर्षं एका औषध कंपनीच्या पर्सोनेल खात्यात काढली. तेव्हा त्याला एचआर म्हणायची पद्धत नव्हती. आता निवृत्त आहे, पण दादरच्या एका जुन्या संस्थेच्या निवड समितीत अजून बसते, त्यामुळे अर्ज वाचणं सुटलेलं नाही. अर्ज वाचण्याबद्दल बाहेर एक गोड गैरसमज आहे, की वाचणारा त्यातून चांगला माणूस शोधत असतो. शोधतो, पण नंतर. पहिल्या फेरीत तो काढून टाकण्याची कारणं शोधत असतो, कारण समोर गठ्ठा असतो आणि मुलाखतीला मोजकीच माणसं बोलवायची असतात. तीन ढीग पडतात: हो, नाही आणि बघू. पहिल्या दोन ढिगांतल्या अर्जांचं विनोद फार काही बिघडवत नाही आणि सुधारतही नाही. विनोदाचा परिणाम होतो तो ‘बघू’मधल्या अर्जांवर, आणि तिथे तो दोन्हीकडे ढकलू शकतो.

आणखी एक गोष्ट लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तो अर्ज एका माणसाला लिहितो, पण वाचतात चार-पाच जण, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या मूडमध्ये. दादरच्या संस्थेचंच उदाहरण सांगते. संस्थेचं वाचनालय आहे आणि ग्रंथपाल हवा होता. एका उमेदवाराने लिहिलं होतं, ‘पुस्तकं उशिरा परत करणाऱ्या सभासदांवर माझं विशेष प्रेम आहे, कारण त्यांच्या दंडावरच वाचनालयं चालतात.’ घरी एकटीने वाचताना मला हसू आलं होतं. रविवारी सकाळी समितीची बैठक बसली, अर्जाच्या झेरॉक्स सगळ्यांपुढे ठेवल्या आणि चिटणिसांनी हा अर्ज मोठ्याने वाचायला घेतला. चिटणीस सगळं एकाच सुरात वाचतात, इतिवृत्त असो की श्रद्धांजली. वाक्य संपलं. एक सभासद हसले. दुसऱ्यांकडे संस्थेची दोन पुस्तकं गणपतीपासून पडून होती, ते हसले नाहीत. आणि खजिनदारांनी चष्मा वर करून विचारलं, ‘दंडावर? आपलं वाचनालय ब वर्गातलं आहे, अनुदानावर चालतं. यांना हे माहीत नाही का?’

आता खजिनदारांना विनोद कळला नाही असं म्हणून सोडून देता येईल. पण मला ते पटत नाही. महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान ठरतं. वर्ग टिकवण्यासाठी लागणारी दप्तरं, नोंदी आणि तपासणीच्या वेळची धावपळ हे ग्रंथपालाच्या कामात मोडतं. खजिनदारांचा सगळा जीव त्यात अडकलेला. त्यांच्या दृष्टीने त्या वाक्यात विनोद नव्हता, एक विधान होतं, आणि ते चूक होतं. अर्जातल्या विनोदाला ही एक पीडा असते. तो विनोद असतो आणि शिवाय तुम्हाला त्या क्षेत्रातलं किती कळतं याचा पुरावाही असतो. दंडाऐवजी त्याच माणसाने तपासणीच्या आदल्या दिवशी परिग्रहण नोंदवहीतली एक हरवलेली नोंद शोधण्यावर दोन ओळी लिहिल्या असत्या, तर खजिनदार सगळ्यात आधी हसले असते. आणि त्याला बोलावलंही असतं.

माझी भाची डोंबिवलीला राहते. गेल्या वर्षी ती तिचा अर्ज घेऊन माझ्याकडे आली, म्हणजे आधी व्हॉट्सअॅपवर पाठवला आणि मग ‘मावशी, तू वाचलास का?’ असं विचारत स्वतः आली. एका आरोग्य विमा कंपनीला लोअर परळच्या कार्यालयासाठी ग्राहकांच्या पत्रांना उत्तरं देणारा माणूस हवा होता, मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. जाहिरातीत म्हटलं होतं की अर्ज मराठीत लिहावा, एका पानाच्या आत. उघड होतं की अर्ज हीच लेखी परीक्षा आहे. भाचीने आधी दोन वर्षं घरपोच सामान पोचवणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या मेलना उत्तरं दिली होती. मधे आठ महिने रिकामे होते. तिची भाषा सुरेख आहे, आणि आमच्या घरात सगळ्यांनाच तिरकस बोलायची खोड आहे, ती तिच्यातही उतरली आहे.

अर्जात चार ठिकाणी विनोद होता. पहिला अर्थातच लोकलचा. ‘डोंबिवलीहून रोज प्रवास करत असल्यामुळे संतप्त जनसमुदायाला शांतपणे सामोरं जाण्याचा अनुभव आहे.’ वाक्य बरं होतं, नेहमीच्यापेक्षा बरंच बरं. तरी मी ते काढायला सांगितलं, कारण वर सांगितलं तेच. शिवाय तिने पत्ता वरच्या कोपऱ्यात लिहिलाच होता. तिथे डोंबिवली वाचून पुढे गेलेल्या माणसाला परत मागे ओढून आणायचं कारण नव्हतं. ती म्हणाली, ‘अगं, पण तेच तर पहिलं वाक्य आहे, त्याच्यावर सगळं उभं आहे.’ म्हटलं, काढून बघ पडतं का. नाही पडलं. दुसऱ्या वाक्यापासून, ‘दोन वर्षं मी रागावलेल्या लोकांना पत्रं लिहीत होते’ इथपासून, अर्ज सुरू झाला आणि तीच खरी सुरुवात होती.

दुसरा विनोद होता आठ महिन्यांच्या खंडावर. ‘या काळात मी “पुढे काय” या विषयावर पूर्णवेळ संशोधन केलं. निष्कर्ष सोबत जोडलेले नाहीत.’ हा तिचा लाडका होता. मीही आधी फसफसून हसले. मग वाचणाऱ्याच्या खुर्चीत बसून पाहिलं. खंड दिसला की वाचणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते: काय झालं होतं आणि ते संपलं का. तिथे विनोद भेटला की त्याला वाटतं, काहीतरी झाकलंय. काढून टाकलं होतं का? भांडण झालं होतं का? तो समोर येऊन विचारत नाही, फक्त समासात प्रश्नचिन्ह काढतो. खंड, नोकरी सोडण्याचं कारण, कमी मार्क, अपेक्षित पगार, या चार जागा दुखऱ्या असतात. दुखऱ्या जागेवरचा विनोद लिहिणाऱ्याला धीर देतो, वाचणाऱ्याला फक्त ती जागा दाखवतो.

आणि इथे तर खरी गोष्ट विनोदापेक्षा कितीतरी चांगली होती. त्या आठ महिन्यांत माझ्या मेव्हण्यांची बायपास झाली होती. भाचीने नोकरी सोडून घर, हॉस्पिटल आणि विम्याचा क्लेम असं तिन्ही सांभाळलं. कॅशलेस मंजूर झालं नाही, आधी पैसे भरावे लागले आणि मग ते परत मिळवण्यासाठी कागद लावावे लागले. एकामागून एक क्वेरी लेटर येत होतं. डिस्चार्ज समरी मिळाली, आता इनडोअर केस पेपर पाठवा. ते पाठवले, आता रक्तदाब नेमका कधीपासून आहे याचं डॉक्टरांचं पत्र पाठवा. प्रत्येक पत्र इतक्या अवघड भाषेत, की नेमका कोणता कागद हवाय हे समजायलाच तिला हेल्पलाइनवर ताटकळावं लागायचं. विमा कंपनीला पत्रं लिहिणारा माणूस हवाय आणि या मुलीने ती पत्रं पलीकडच्या बाजूने, आजारी बापाच्या उशाशी बसून वाचलेली आहेत! हे सगळं तिने एका गमतीखाली पुरून ठेवलं होतं. का, विचारलं तर म्हणाली, ‘रडगाणं वाटेल गं.’ आमच्याकडे हे फार आहे. दुःख सांगायचं नाही म्हणून विनोद करायचा, आणि मग जे सांगायला हवं तेही विनोदाच्या पोटात जातं. तिथे आम्ही तीन साध्या ओळी लिहिल्या. वडिलांचं आजारपण, क्लेम स्वतः पूर्ण केला, आणि कोणतं पत्र का कळलं नाही याचं एक उदाहरण. सहानुभूती मागणारा एकही शब्द त्यात नव्हता.

तिसरा विनोद मात्र मी तिला हातही लावू दिला नाही, म्हणजे काढू दिला नाही. दुरुस्त करायला लावला. तो असा होता: ‘एका खडूस काकांनी रात्री साडेअकराला मेल केला की त्यांचं सामान शेजाऱ्याकडे दिलं गेलं. खरं दुखणं सामानाचं नव्हतंच, शेजाऱ्याशी त्यांचं सहा वर्षं बोलणं नव्हतं!’ इथे एक चांगली गोष्ट होती आणि एक वाईट. चांगली ही की तक्रारीच्या आत दुसरीच तक्रार असते, हे ओळखणारं डोकं त्या ओळीत दिसत होतं. वाईट म्हणजे ‘खडूस काका’. विमा कंपनीतला वाचणारा लगेच पुढचं चित्र पाहणार: उद्या ही मुलगी आमच्या ग्राहकाबद्दल, एखाद्या हर्नियाच्या पेशंटबद्दल, दुसरीकडे अशीच गंमत करेल. ज्याच्या पैशावर पगार होणार त्याला हसायचं नाही, हा धंद्याचा साधा नियम आहे. शिवाय गोष्ट अर्धीच होती. तिने पुढे काय केलं?

विचारल्यावर कळलं की तिने बरंच केलं होतं. तिने त्यांना ‘शेजाऱ्यांकडून घ्या’ असं लिहिलं नाही, इतर कोणीही तेच लिहिलं असतं. सकाळी डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला परत पाठवलं, त्याने एका दारातून सामान उचललं आणि समोरच्या दारात दिलं. बास. मग ती जागा अशी झाली: ‘एका गृहस्थांचं सामान चुकून समोरच्या घरी दिलं गेलं. “तिथून घ्या” असं उत्तर पाठवणं सोपं होतं, पण त्यांच्या पत्रावरून कळत होतं की त्या दोन घरांचं सहा वर्षं बोलणं नाही. म्हणून सकाळी आमचा मुलगा परत गेला आणि त्याने ते सामान चार पावलं चालून पोचवलं. आमच्या कंपनीची ती बहुधा सर्वांत कमी अंतराची डिलिव्हरी असावी.’

शेवटच्या वाक्यात गंमत आहे, पण ती कोणावर नाही. गृहस्थांवर नाही, शेजाऱ्यांवर नाही, स्वतःच्या कंपनीवरही नाही. आणि ही गंमत उचलून बाजूला काढायला गेलं तर तिच्याबरोबर माहितीही निघते: तिने पत्र नीट वाचलं, सोपं उत्तर टाळलं, कंपनीचा एक हेलपाटा खर्च केला आणि प्रश्न मिटवला. अर्जातला विनोद ठेवायचा की नाही हे मी असंच ठरवते. तो खोडून पाहायचा. खोडल्यावर अर्ज आहे तसाच राहिला, तर तो विनोद लिहिणाऱ्याने स्वतःसाठी केलेला होता. खोडल्यावर अर्जाला भोक पडलं, तर ठेवायचा. लोकलच्या विनोदाने भोक पडलं नाही. खंडाच्या विनोदाखाली तर आधीच भोक होतं, त्याच्यावर चटई टाकली होती.

चौथा विनोद अगदी शेवटी, सहीच्या वर. ‘उत्तराची वाट पाहते. न आल्यास तक्रार कशी नोंदवायची हे मला चांगलंच ठाऊक आहे.’ हा ती वाचून दाखवत होती तेव्हा फार गोड वाटला होता, कारण ती डोळे मिचकावून म्हणाली होती. कागदावर डोळे नव्हते. तिथे अनोळखी मुलगी अनोळखी साहेबाला बजावत होती. अर्ज करणारा आणि वाचणारा एका पातळीवर नसतात, वाचणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं आणि ते तुम्हाला हवं असतं. अशा वेळी वाचणाऱ्यालाच विनोदात ओढणं म्हणजे ओळख नसताना खांद्यावर हात टाकणं. काही माणसांना आवडतं, बहुतेकांना नाही, आणि कोणाला आवडेल हे आपल्याला माहीत नसतं. त्या जागी आम्ही लिहिलं की मी सध्या कुठेही नोकरीत नाही, त्यामुळे नोटीस पीरियड नाही, आणि बोलावलंत तर पुढच्या सोमवारपासून रुजू होऊ शकते. तुम्हाला रुक्ष वाटेल. वाचणाऱ्याच्या दृष्टीने पानावरची सगळ्यात गोड ओळ तीच असते.

डोळे मिचकावण्याबद्दल एका प्रयोगाची आठवण झाली. २००५ साली जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तो प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना काही वाक्यं जोडीदाराला कळवायला सांगितली, काही सरळ अर्थाची आणि काही उपरोधाची. काहींनी ती बोलून सांगितली, काहींनी ई-मेलने. दोन्हीकडे पाठवणाऱ्यांचा अंदाज असा की शंभरातली साधारण ७८ वाक्यं समोरच्याला बरोबर कळतील. बोलून सांगितलेली ७३ टक्के कळली. ई-मेलने पाठवलेली ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती! मला यात आकड्यांपेक्षा कारण महत्त्वाचं वाटतं. लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा आवाज चालू असतो, आणि त्याला वाटतं तो कागदावरही उतरतोय. त्याच प्रयोगमालिकेत काहींना आपलंच वाक्य उलट्या सुरात मोठ्याने वाचायला लावलं, म्हणजे उपरोध सरळ सुरात आणि सरळ वाक्य उपरोधाने. त्यांचा फाजील आत्मविश्वास बराच खाली आला.

त्यांनी तपासला तो उपरोध होता, सगळा विनोद नाही. पण मराठी माणसाचा लेखी विनोद दहातल्या आठ वेळा उपरोधच असतो, त्यामुळे आपल्याला हे जरा जास्तच लागू पडतं. मुंबईत त्यात आणखी एक भर आहे. अर्ज पहिल्यांदा उघडणारा एचआरमधला मुलगा शाळेत मराठी ही दुसरी-तिसरी भाषा म्हणून शिकलेला असू शकतो. त्याला मराठी येतं, नीट येतं, पण सरळ येतं. ‘निष्कर्ष सोबत जोडलेले नाहीत’ वाचून तो खरोखर विचारेल, जोडपत्र राहिलं का? कोटी तर त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून भाचीला मी एक काम सांगितलं. समोरच्या फ्लॅटमधल्या मल्याळी काकूंचा मुलगा कॉलेजात आहे, त्याच्याकडून अर्ज मोठ्याने वाचून घे आणि तू मधे बोलू नकोस. त्याने वाचला. चार पावलांच्या डिलिव्हरीला तो हसला, आणि तेही वाक्य संपल्यावर, स्वतःहून. आमच्या चिटणिसांच्या सुरातही ते वाक्य तरलं असतं असा माझा अंदाज आहे.

आमच्या खात्यातली एक जुनी गोष्ट मी तिला मुद्दाम सांगितली, कारण अर्ज निवडीनंतर कुठे जातो याचा विचार कोणीच करत नाही. तो वैयक्तिक फाइलमध्ये जातो आणि माणूस निवृत्त होईपर्यंत तिथेच राहतो. हिशेब विभागातल्या एका गृहस्थांनी रुजू होताना अर्जात लिहिलं होतं, ‘आकड्यांत मी पक्का, घड्याळात थोडा कच्चा.’ तेव्हा सगळे हसले असणार, नोकरीही मिळाली. पुष्कळ वर्षांनी त्यांच्यावर सततच्या उशिराबद्दल आरोपपत्र निघालं आणि खातेअंतर्गत चौकशी बसली. व्यवस्थापनाची बाजू मांडणाऱ्याने फाइल पहिल्या पानापासून वाचली होती. त्याने तो अर्ज काढून चौकशीत दाखल केला: सवय जुनी आहे, यांनी स्वतःच लिहून दिलेलं आहे. युनियनचे प्रतिनिधी उसळून म्हणाले, अहो, ती गंमत होती! चौकशी अधिकाऱ्यांनी दोन्ही म्हणणी शांतपणे लिहून घेतली. केवळ त्या ओळीवर काही ठरलं नाही, ठरतही नसतं, पण त्या दिवशी त्या गृहस्थांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. स्वतःच्या दोषावरचा विनोद मुलाखतीत हवेत विरतो. लेखी दिला की तो कबुलीजबाब होतो.

सरकारी अर्जांबद्दल फार लिहीत नाही. तिथे प्रति, विषय, संदर्भ, ‘महोदय’, जोडलेली प्रमाणपत्रं, एवढाच संसार. वाचणारा कारकून तक्त्यात रकाने भरत असतो आणि तक्त्यात विनोदाचा रकाना नसतो. जाहिरात कंपन्यांचं उलटं, तिथे विनोद हा मालाचा नमुना म्हणूनच वाचतात, आणि नमुना फसला तर माल फसला. तिथे अर्ज करणाऱ्यांना माझ्यासारख्यांचा सल्ला न घेतलेलाच बरा.

भाचीला बोलावणं आलं. पॅनेलवर तिघे होते, त्यांतल्या एक डॉक्टर, क्लेम तपासणाऱ्या. त्यांनीच पहिला प्रश्न विचारला: ‘मग ती दोन घरं बोलायला लागली का?’ भाचीने खरं ते सांगितलं, की त्यानंतर त्यांचा मेल आला नाही, त्यामुळे कळलं नाही. सगळे हसले, आणि तिथे ती गंमत संपली. उरलेला सगळा वेळ त्या बाई क्वेरी लेटरवर होत्या. तुम्हाला आलेलं कोणतं वाक्य कळलं नाही, तुम्ही ते कसं लिहिलं असतं, आत्ता लिहून दाखवा, असं म्हणून त्यांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. तिने लिहिलं. त्या कागदावर एकही विनोद नव्हता, असं ती घरी आल्यावर मला बजावून सांगत होती. मी विचारलं, आणि पगार? तर म्हणाली, ‘मावशी, तिथे मात्र त्यांनी केला.’